काळ्या मिठाचा वास येतो कुठून?

ताकात काळं मीठ टाकलं की क्षणभर उकडलेल्या अंड्याचा वास येतो. लिंबू पिळलेल्या जलजिऱ्यात तो जास्तच जाणवतो. काळं मीठ, म्हणजे पादेलोण, मुळात सोडियम क्लोराइडच. वासाचं कारण त्यातल्या थोड्याशा सल्फाइडमध्ये आहे, आणि ते भट्टीत तयार होतं.

पारंपरिक पद्धतीत मिठाचे खडे, कोळसा आणि हिरडा, आवळा, बाभळीची साल यांसारख्या वनस्पती मडक्यात घालून तोंड बंद करतात आणि तासन्‌तास तापवतात. कच्च्या मिठात थोडं सोडियम सल्फेट असतं. आत हवा जवळजवळ नसल्याने तापलेला कार्बन या सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे सोडियम सल्फाइड उरतं. मिठातल्या लोहाशी गंधक जुळून लोहाचं सल्फाइडही बनतं. खड्याचा काळपट रंग त्याचाच. कुटल्यावर मात्र पूड गुलाबी-जांभळट दिसते.

सोडियम सल्फाइड पाण्यात विरघळलं की त्यातून थोडा हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. आम्ल मिळालं की आणखी सुटतो, म्हणून लिंबू पिळल्यावर घमघमाट. अंडं शिजताना त्यातल्या गंधकयुक्त प्रथिनांतून हाच वायू निघतो. आपलं नाक त्याला इतकं तिखट आहे की हवेच्या अब्ज भागांत त्याचे एक-दोन भाग असले तरी कळतं. त्यामुळे वास भरपूर आला म्हणजे गंधकही भरपूर आहे, असं समजू नये. वायूच तो, उकळताना उडून जातो. म्हणून काळं मीठ शेवटी घालावं. डबा उघडा राहिला तर हवेने आणि ओलाव्याने सल्फाइड हळूहळू संपतं, आणि मग उरतं ते नुसतं खारट.

आता सोडियमचं बघू, कारण ‘बीपीवाल्यांना काळं मीठ चालतं’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. शुद्ध मिठात वजनाच्या ३९ टक्के सोडियम असतं. अर्धा चमचा, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम साध्या मिठातून सुमारे ९८० मिलिग्रॅम. काळ्या मिठात सोडियम क्लोराइड ९५ टक्के धरलं, तर ९३० च्या आसपास. वर उरलेल्या पाच टक्क्यांतही सोडियमचीच सल्फेट, सल्फाइड असतात, त्यामुळे फरक आणखी घटतो. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमची आहे. तिच्यापुढे हा फरक किरकोळ.

लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम असतात, पण चिमूटभर मिठातून ती मोजण्याइतकी पोटात जात नाहीत. उलट आयोडीन गमवावं लागतं. आपल्याकडच्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. म्हणजे अडीच ग्रॅममधून सुमारे ३७ मायक्रोग्रॅम, प्रौढाच्या दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा. काळ्या मिठात ते सहसा घातलेलं नसतं. चाटला काळं मीठ वापरा, पण भाजी-आमटीचं मीठ बदलू नका.