टबातला सामू वर का चढतो?

बिनमातीच्या लागवडीत पाने पिवळी पडली की खत कमी पडले, असे समजून टबात आणखी खत ओतले जाते. माझ्या गॅलरीतील २० लिटरच्या टबात लेट्यूसची कोवळी पाने पिवळी झाली, तेव्हा माझ्याही मनात प्रथम तेच आले. परंतु नत्राच्या कमतरतेने जुनी पाने आधी पिवळी पडतात. येथे कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका झाला होता, आणि हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे.

खत कमी पडलेले नाही, हे मोजमापांनीही सुचवले. सुरुवातीला १.२ असलेली विद्युतवाहकता, म्हणजे द्रावणात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारी ईसी, चार दिवसांत १.५ मिलिसिमेन्सवर गेली होती आणि पाणी १५ लिटर उरले होते. वाहकतेला लिटरने गुणले तर आधी २४ आणि नंतर २२.५ येतात, हा हिशेब ढोबळ असला, तरी रोपांनी क्षारांपेक्षा पाणीच अधिक घेतले, हे त्यातून कळते. म्हणून मी ५ लिटर आरओचे पाणी घातले आणि वाहकता १.१ च्या जवळ आली. तेवढेच ताजे द्रावण ओतले असते, तर ती १.४ च्या वर राहिली असती.

खरे कारण सामूत, म्हणजे द्रावण किती आम्ल वा अल्क आहे हे सांगणाऱ्या पीएचमध्ये होते. तो ५.८ वरून ६.९ झाला होता. द्रावणातील बहुतेक नत्र नायट्रेटच्या रूपात असते आणि ऋणभारित नायट्रेट आत घेताना मुळे हायड्रोजन आयनही सोबत ओढून घेतात. त्यामुळे बाहेरच्या द्रावणातील आम्लता घटते व सामू चढतो. अमोनियम घेताना याच्या उलट, मुळे हायड्रोजन आयन बाहेर सोडतात. सामू ६.५ च्या वर गेला की लोहाला विरघळलेले ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनाच्या पकडीतून ते सुटू लागते आणि अविद्राव्य होऊन तळाशी बसते. लोह टबात असते, पण मुळांना मिळत नाही, आणि वाहकतेच्या आकड्यात हा फरक दिसतही नाही, कारण तो आकडा सर्व आयनांचा मिळून असतो. अल्कधर्मी पाण्याने रोपे जोमदार होतात, या जाहिरातींतील दाव्याला म्हणूनच येथे काहीही आधार नाही.

सामू उतरवण्यासाठी फॉस्फोरिक आम्ल आधी पाण्यात विरळ करून थेंबाथेंबाने घालावे, ढवळावे आणि पुन्हा मोजावे. बोअरचे पाणी वापरले असेल, तर दुसऱ्या दिवशी सामू पुन्हा चढलेला आढळतो: आम्ल बायकार्बोनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि तो वायू निघून गेला की सामू वर येतो. म्हणून असे पाणी आदल्या दिवशीच आम्ल घालून ठेवावे.

सामू ५.८ वर आणल्यावर पिवळी पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही. उपाय लागू पडला की नाही, हे त्यानंतर फुटणाऱ्या पानावरून ओळखावे.