आईच्या पत्रातला ‘अपाक’

अठराव्या वाढदिवशी एका आईने मुलाला लिहिलेल्या पत्रात ना करिअरचा विषय आहे, ना संगतीचा. ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ या मायन्यानंतरचं पहिलंच वाक्य असं: ‘तुझ्या नावापुढचा अपाक आता काढायचा आहे, सुट्टीला येशील तेव्हा दाखला घेऊन ये.’ पाकिटात सातबाऱ्याचा उतारा आहे. मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि मग तिचं नाव, म्हणजे तो अठराचा होईपर्यंत पालक म्हणून ती. त्याखाली तिने पेन्सिलीने हलकी रेघ ओढली आहे. वडील गेले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. म्हणजे बारा वर्षं ती दोन नावं त्या रकान्यात जोडीने होती.

सोळाव्या वर्षी मुलाला मित्र मानावं हे सुभाषित सगळ्यांना पाठ असतं, आणि जुन्या धर्मशास्त्रातही जाणतेपणाचं वय सोळाच्या आसपासच धरलं जाई. अठरा आले 1875 च्या कायद्याने. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो: जन्माचा अख्खा दिवस धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान. जन्म रात्री अकराचा असला तरी अकरापर्यंत थांबायचं नाही. मतदानाचं वय मात्र 1989 पर्यंत एकवीसच होतं.

‘अपाक’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. मराठीत अज्ञान म्हणजे न कळणं, आणि कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अठराच्या आतला. त्यामुळे उताऱ्यावर लहान मुलाला काही कळत नाही असंच जणू लिहिलेलं असतं आणि एका मध्यरात्रीपासून त्याला सगळं कळतं असं धरलं जातं. शिवाय हा शेरा आपोआप जात नाही. वयाच्या पुराव्यासह अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते आणि मगच नाव मोकळं होतं. अर्जच दिला नाही तर तिशीतला शेतकरीही कागदावर अज्ञानच राहतो आणि हे पीककर्जाच्या किंवा विक्रीच्या वेळी उघड होतं.

पालनकर्ती म्हणून आईच्या हाती फारसं काही नसतं. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पालकाला विकता येत नाही. विकलीच तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत मुलगा तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. या आईने विहिरीसाठी पैसा हवा असतानाही तुकडा विकला नाही, हे पत्रात एका ओळीत येतं, आणि लगेच पुढच्या ओळीत आंब्याला आलेल्या मोहोराबद्दल आहे.

तिचं पालकत्व वादात नव्हतं, कारण नवरा हयात नव्हता. खरा घोळ हयात वडिलांच्या घरातला. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, अशी रचना आहे. ‘नंतर’चा अर्थ मृत्यूनंतर असाच घेतला गेला. 1984 मध्ये एका जोडप्याने, आई पालक असेल असं आपसात ठरवून, मुलाच्या नावे नऊ टक्क्यांच्या रोख्यांसाठी अर्ज केला. तो वडिलांची सही नाही म्हणून परत आला. आई न्यायालयात गेली. फेब्रुवारी 1999 मध्ये निकाल लागला: ‘नंतर’ म्हणजे ‘अनुपस्थितीत’, आणि वडील प्रत्यक्षात सांभाळत नसतील, आजारी असतील किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर त्यांच्या हयातीतही आई पालक. अर्ज केला तेव्हा मुलगा चार वर्षांचा जरी असता, तरी निकालाच्या दिवशी तो सज्ञान असता. एका शब्दाचा अर्थ लागायला एक बालपण गेलं. आणि कलमातला शब्द निकालाने बदलला नाही. बदललं ते त्याचं वाचन. समान हक्क मिळाला असं सांगितलं जातं तेव्हा मला ते खटकतं, कारण ‘अनुपस्थितीत’ हीसुद्धा दुसरीच जागा आहे.

अलीकडचा बदल महाराष्ट्रातला. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. ती मुलं 2042 पासून सज्ञान होऊ लागतील आणि आईचं नाव त्यांच्या नावात तेव्हाही राहील.

या पत्रातल्या आईचं नाव मात्र फेरफार मंजूर झाला की उताऱ्यावरून निघेल. तिने शेवटी लिहिलं आहे: ‘उतारा आला की आधी मला दाखव. तुझं नाव एकटं कसं दिसतं ते बघायचंय.’