हातमोज्याच्या इशाऱ्यावर चालणारी गाडी: पार्श्वभूमी

ऐरोली, नेरूळपासून ठाण्यापर्यंतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हातमोज्याने चालणारी रोबो गाडी हा जुना, लाडका प्रोजेक्ट आहे. हल्ली त्यात मुलं हालचालींचा डेटा गोळा करून क्लासिफायर, म्हणजे इशारा कुठला ते ओळखणारा प्रोग्राम, शिकवतात. पूर्वी असं काही नव्हतं. शिकवण्याची गरज का पडली, हे जुन्या सर्किटकडे पाहिलं की समजतं.

वेगातला बदल मोजणारा, सिलिकॉनवर कोरलेला ॲक्सेलरोमीटर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आला तो मोटारींच्या एअरबॅगसाठी. ॲनालॉग डिव्हायसेसचा ADXL50 हा त्यातला पहिला मोठा. पुढे कमी वेग-बदल मोजणाऱ्या स्वस्त चिप आल्या आणि १९९९ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी बोटांवर व हाताच्या मागच्या बाजूवर असे सेन्सर लावलेला हातमोजा मांडला. त्याआधीचे बहुतेक हातमोजे बोटं किती वाकली हे मोजत. हा हातमोजा हात कुठे कलला हे सांगत होता.

आपल्याकडच्या प्रोजेक्टमध्ये पुढे ADXL335 हा ॲक्सेलरोमीटर रुळला. त्याचा व्होल्टेज कंपॅरेटर म्हणून, म्हणजे तो मर्यादेशी ताडून पाहायला, वापरलेल्या LM324 ला द्यायचा, प्रीसेट नावाचा छोटा बदलता रेझिस्टर फिरवून ती मर्यादा ठरवायची आणि निकाल HT12E एन्कोडरमधून ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओने गाडीकडे पाठवायचा. HT12E चार डेटा बिट पाठवतो: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. हात सपाट असला की गाडी उभी.

हे चालतं गुरुत्वाकर्षणामुळे. हात २० अंश उजवीकडे कलला, तर आडव्या अक्षावर २० अंशांच्या साइनइतकं, म्हणजे ०.३४ g दिसतं. समजा मर्यादा तिथेच ठेवली. आता दुसऱ्याने हातमोजा घातला आणि सेन्सर १२ अंश तिरका बसला. त्याला एका बाजूला ८ अंश कलवलं तरी गाडी वळते आणि दुसऱ्या बाजूला ३२ अंश वाकवावं लागतं. प्रोजेक्टच्या परीक्षेला मित्राने हातमोजा घातला की गाडी बिथरते, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ॲक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षण आणि हाताचा झटका यांतला फरक कळत नाही. सपाट हात झटकन बाजूला सरकवला तर क्षणभर अर्धा g सहज उमटतो आणि हात थांबताना तेवढाच उलट दिशेला. गाडी एका बाजूला वळून लगेच दुसऱ्या बाजूला वळली, तर दोष मोटरचा नाही, मर्यादेचा आहे हे ओळखावं. प्रीसेट कितीही फिरवला तरी हा दोष जात नाही. कारण एका क्षणाच्या आकड्यात तो फरक नसतोच. तो वेळेत पसरलेला असतो.

वेळेकडे पाहण्याची एक पद्धत बोलणं ओळखण्याच्या संशोधनातून आली. दोन नोंदी ताणून-आखडून जुळवायच्या, म्हणजे डायनॅमिक टाइम वॉर्पिंग. निन्टेंडोच्या वी या गेम कन्सोलचा रिमोट २००६ मध्ये आला आणि संशोधकांना तयार उपकरण मिळालं. २००९ मध्ये राइस विद्यापीठाच्या गटाने uWave मध्ये प्रत्येक इशाऱ्याचा एकच नमुना घेऊन आठ इशारे ओळखून दाखवले. त्यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं निरीक्षण वेगळंच आहे: एकाच माणसाचा तोच इशारा वेगवेगळ्या दिवशी बराच बदलतो.

२०१९च्या सुमारास मायक्रोकंट्रोलरसाठी टेन्सरफ्लो लाइट आलं आणि शिकवलेलं मॉडेल थेट हातमोज्यावरच्या बोर्डवर चालू लागलं. पण गाडीसाठी न्यूरल नेटवर्कच हवं असं नाही. सेकंदाला ५० नोंदी घेतल्या तर एका सेकंदाच्या खिडकीत तीन अक्षांचे १५० आकडे येतात. त्यातून प्रत्येक अक्षाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढलं की सहाच आकडे उरतात. कललेल्या, स्थिर हाताची सरासरी ०.३४ g आणि विचलन कमी. सरकवलेल्या सपाट हातात सुरुवात आणि थांबणं एकमेकांना खोडतात, म्हणून सरासरी शून्याजवळ, पण विचलन मोठं. प्रीसेटला न दिसलेला फरक इथे लहानशा डिसिजन ट्रीला, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या साखळीलाही दिसतो.

खरी फसगत चाचणीत होते. खिडक्या अर्ध्या-अर्ध्या एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या पिसून प्रशिक्षण आणि चाचणीत वाटल्या, तर तेच आकडे दोन्हीकडे जातात आणि अचूकता फुगते. म्हणून वाटणी माणसानुसार करावी: वर्गातल्या एकाची सगळी नोंद बाजूला ठेवायची आणि फक्त तिच्यावर तपासायचं. त्याच माणसाच्या वेगळ्या दिवसाची नोंदही तशीच राखून ठेवावी. इशाऱ्यांमध्ये ‘इतर’ नावाचा एक प्रकारही हवा. त्यात केस सावरणं, मोबाइल उचलणं असल्या हालचाली घालाव्यात. नाहीतर क्लासिफायर त्यांनाही कुठली तरी दिशा देऊन टाकतो.

एक किंमत मात्र राहते. गाडी सेकंदाला अर्धा मीटर जात असेल, तर पूर्ण सेकंदाची खिडकी भरेपर्यंत ती तेवढं अंतर जुन्याच आज्ञेवर कापते. दर दहा नोंदींनी, म्हणजे ०.२ सेकंदांनी निर्णय घेतला तरी खिडकीत जुना हात शिल्लक असतोच. त्यामुळे थांबण्याची आज्ञा मॉडेलवर सोडू नये. तिच्यासाठी हातमोज्यावर साधं बटण ठेवावं आणि रेडिओचा संदेश तुटला की गाडीने स्वतःच मोटर बंद करावी.