‘करणी केली’ हे केस पेपरवर कसं लिहायचं? एमएसईमागची पार्श्वभूमी

नागपूरला मनोरुग्णालय सुरू झालं १८६४ मध्ये. त्या काळात वेडाचा दाखला देताना रुग्ण काय करतो हे लिहिलं जाई; त्याला आतून काय जाणवतं, हे नेमक्या शब्दांत मांडायची शिस्त पुढे आली. १९१३ मध्ये हायडेलबर्गचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी अनुभवाचा आशय, म्हणजे काय वाटतं, आणि त्याचं रूप, म्हणजे ते कसं वाटतं, हे वेगळं करायला शिकवलं. आजच्या एमएसईत, म्हणजे रुग्णाच्या मानसिक स्थितीच्या तपासणीत, रुग्णाचं वाक्य आधी अवतरणात येतं आणि संज्ञा नंतर, त्यामागे हाच विचार आहे.

उदाहरणादाखल हिंगण्याकडचा ३४ वर्षांचा कामगार घेऊ. तीन आठवडे झोप नाही. मूड विचारला तर म्हणतो, “जीव घाबरते.” हे जसंच्या तसं लिहायचं. अफेक्ट, म्हणजे बाहेर दिसणारी भावना, मात्र आपण पाहिलेला: भेदरलेला, चढउतार कमी, बोलण्याशी सुसंगत. इथे अनेक जण ‘मूड: नॉर्मल’ लिहून मोकळे होतात. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

पुढे तो सांगतो, “शेजाऱ्यानं माह्यावर करणी केली हाय.” एवढ्यावर ‘डिल्यूजन’, म्हणजे आजारातला ठाम भ्रम, असं लिहिणं घाईचं, कारण त्याच्या आईलाही करणीची शंका आहे. आशय दोघांचा एकच. म्हणून रूप पाहायला विचारायचं, “तुम्हाला हे कळलं कसं?” आई म्हणते, लोक म्हणतात, औषधानं उतरलं तर करणी नसेल. मुलगा म्हणतो, “त्यानं नळ सुरू केला, तवाच मले समजलं.” नळाचा आवाज खरा आहे. त्याला चिकटलेला अर्थ अचानक आलेला, पूर्ण खात्रीचा आणि समजुतीनं न हलणारा आहे. हे डिल्यूजनल पर्सेप्शन. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या दर्जाच्या लक्षणांत धरलं. नळाचं वाक्य कागदावर नसेल, तर दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरला आई आणि मुलगा यांच्यातला फरक दिसणारच नाही. एकट्या या लक्षणावरून निदान मात्र करू नये. ते इतर आजारांतही सापडतं.

इनसाइटचा, म्हणजे रुग्णाला स्वतःच्या आजाराची जाण किती याचा, रकाना सगळ्यात आळसानं भरला जातो, बहुधा तो शेवटी येतो म्हणून. ‘नाही’ किंवा ‘ग्रेड १’, झालं! आपल्याकडच्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीत १ म्हणजे आजाराचा पूर्ण नकार. हा कामगार म्हणतो, “काहीतरी बिघडलं हाय, गोळी द्या, पण केलं त्यानंच.” बिघाड मान्य, दोष बाहेरच्यावर: ही तिसरी पायरी. पण नुसत्या आकड्यात त्यानं गोळी मागितली हे हरवतं. १९९० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी डेव्हिड यांनी इनसाइटचे तीन धागे वेगळे केले: आजार मानणं, विचित्र अनुभव आजारातले म्हणून ओळखणं, उपचार स्वीकारणं. त्याप्रमाणे नोंद अशी होईल: “ग्रेड ३. बिघाड मान्य, औषधाला तयार. नळाचा अनुभव आजारातला वाटत नाही, त्याचं कारण शेजारी आहे असं सांगतो.”