बाबांना लिहिलेल्या एका पत्रामागचा इतिहास

माझा भाचा डिचोलीचा. वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि जवळच खोली घेऊन राहतो. इगतपुरीला विपश्यनेचं, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या ध्यानाचं, दहा दिवसांचं शिबिर करून आल्यापासून तो रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास ध्यानाला बसतो. नाइट शिफ्ट असली की वेळा बदलतात, बसणं चुकत नाही. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या भावोजींना, हे आवडलेलं नव्हतं. फोनवर बोलून विषय चिघळत गेला, तेव्हा त्याने पत्र लिहिलं. भावोजींनी ते मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "हे आलं कुठून ते मला नीट सांग." मी स्वतः याच पद्धतीने बरीच वर्षं बसतो. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे.

भावोजींचे आक्षेप तीन होते. साधना करायची तर संन्याशाने, संसारी माणसाने आपलं काम करावं आणि देवाचं नाव घ्यावं. दुसरं, हे आपलं नव्हे. तिसरं, हणजुणेच्या किनाऱ्यावर हिप्पींचं ध्यानाच्या नावाखाली काय चालायचं ते आम्ही पाहिलं आहे. साखळीच्या विठ्ठलापूरला चैत्री चुकवत नाहीत, पहाटे उठून रामनामाचा जप करतात, असा हा माणूस. तो तऱ्हेवाईकपणाने विचारत नव्हता.

दुसऱ्या आक्षेपाला भाच्याने पत्रात असं उत्तर दिलं होतं: "बाबा, लामगावच्या गुहा आपल्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत. तिथे भिक्खू बसायचे. मग हे परकं कसं?" गोव्यात बौद्ध भिक्खू होते, यात शंका घेण्याचं कारण नाही. लामगावच्या जांभ्या दगडातल्या गुहा बौद्ध विहार मानल्या जातात, पुढे तिथे शिवलिंग आलं. कोलवाळला मुशीर वाड्यावर 1930 मध्ये फादर हेन्री हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली, ती आता मुंबईच्या हेरास संस्थेत आहे. पण या गुहांतून भाच्याच्या खोलीपर्यंत कसलाही धागा येत नाही. इथली ती परंपरा खंडित झाली ती झालीच. तो जे करतो ते ब्रह्मदेशातून आलं आहे, आणि तो रस्ता समजल्याशिवाय भावोजींच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर मिळत नाही.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. 1885 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजा थिबाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. 1916 मध्ये तो तिथेच वारला. आपल्याला ही एका दुर्दैवी राजाची गोष्ट म्हणून ठाऊक आहे. ब्रह्मदेशात तिचा अर्थ आणखी खोल होता. भिक्खुसंघाला आधार राजाचा. राजाच गेला तर बुद्धाची शिकवण टिकणार कशी, ही धास्ती तिथे पसरली. त्या काळात लेडी सयाडो (1846–1923) नावाच्या विद्वान भिक्खूने ठरवलं की विहार टिकवणं एवढंच पुरेसं नाही, शिकवण गृहस्थांच्या हातात द्यायला हवी. ते गावोगाव फिरले, साध्या ब्रह्मी भाषेत लिहिलं आणि शेतकऱ्या-व्यापाऱ्यांनाही ध्यान जमेल असं सांगितलं. त्याआधी तिथेही सर्वसाधारण समज भावोजींसारखाच होता: गृहस्थाने दान करावं, शील पाळावं, ध्यान अरण्यातल्या भिक्खूने करावं. म्हणजे भावोजींचं म्हणणं जुन्या व्यवस्थेला धरूनच आहे. नोकरीधंदा करणाऱ्या माणसाने रोज घरी बसून ध्यान करायचं, ही सवय सर्वदूर पसरून फार तर शे-सव्वाशे वर्षं झाली असतील.

लेडी सयाडोंनी ज्यांना शिकवायला सांगितलं त्यांत सया तेजी (1873–1945) होते. रंगूनजवळच्या एका खेड्यातले भातशेतीवाले. कॉलऱ्याच्या साथीत मुलगा आणि मुलगी दोघंही गेली, आणि त्यानंतर ते या शोधात घराबाहेर पडले. पुढे परत येऊन गृहस्थ राहूनच त्यांनी शिकवलं. 1937 मध्ये त्यांच्याकडे ऊ बा खिन आले. हे सरकारी हिशेब खात्यातले कारकुनापासून वर चढलेले अधिकारी. 1948 मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर ते देशाचे पहिले महालेखापाल झाले. त्यांनी कचेरीतच ध्यानासाठी जागा केली आणि हाताखालच्या लोकांना शिकवलं, 1952 मध्ये रंगूनला केंद्र काढलं. रजा मोजून घेणाऱ्या माणसांसाठी दहा दिवसांचं बंदिस्त शिबिर आणि नंतर घरी रोजचं बसणं, हा साचा त्यांच्या हाताखाली पक्का झाला. भाच्याच्या सकाळ-संध्याकाळच्या तासामागे मठ कमी आणि हिशेबाची कचेरी जास्त आहे, हे ऐकून भावोजी पहिल्यांदा जरा सरळ बसले. ते स्वतः आयुष्यभर लेखा खात्यात होते.

आता सत्यनारायण गोयंका. मंडालेत 1924 मध्ये जन्मलेले मारवाडी, रंगूनच्या हिंदू समाजातले पुढारी, मोठे कारखानदार. त्यांना अर्धशिशी होती, आणि ती इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातले डॉक्टर झाले. शेवटी मित्राच्या सांगण्यावरून ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी शिबिरात घ्यायलाच नकार दिला. डोकेदुखीसाठी येत असाल तर येऊ नका, मनाच्या शुद्धीसाठी यायचं असेल तर या, असा त्याचा मतलब होता. गोयंकांच्या मनात दुसरीही भीती होती, भावोजींचीच: आपण सनातनी हिंदू, हे बौद्ध प्रकरण आपल्याला धर्मातून बाहेर नेईल. शील, समाधी आणि प्रज्ञा या तिन्हींपैकी कशालाही आपल्या धर्माची हरकत नाही, हे पटल्यावर 1955 मध्ये ते बसले. डोकेदुखी गेली, पण पुढे ते स्वतःही ती जाण्याला दुय्यमच मानत राहिले.

या कथेतला जो भाग भावोजींना सांगताना माझाच आवाज जड झाला, तो 1969 चा. लष्करी राजवटीने कारखाने ताब्यात घेतले होते. गोयंकांचे आईवडील मुंबईत येऊन राहिले होते आणि आई मानसिक आजाराने त्रस्त होती. ऊ बा खिन यांनी गोयंकांना आचार्य नेमलं आणि ते पारपत्र मिळवून भारतात आले ते आधी आईसाठी. त्या जुलैमध्ये मुंबईतल्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. बसले चौदा जण. त्यांत त्यांची आई होती आणि वडीलही होते. भारतात ही साधना परतली ती अशी, एका मुलाने आईबापांसमोर बसून शिकवली तेव्हा. इगतपुरीचं केंद्र त्यानंतरचं, तिथे शिबिरं 1976 पासून भरू लागली.

हणजुण्याचा आक्षेपही निराधार नव्हता. 1970-71 च्या हिवाळ्यात बोधगयेच्या बर्मी विहारात गोयंकांकडे जे बसले त्यांत युरोप-अमेरिकेहून खुष्कीच्या मार्गाने आलेली तरुण मुलं बरीच होती. त्याच लाटेतले लोक थंडीत आपल्या किनाऱ्यावर उतरत. पण शिबिरात शिरताना पाच शीलं, म्हणजे वागण्याचे पाच नियम, घ्यावी लागतात, त्यांत नशा वर्ज्य हे स्पष्ट आहे. लाट एक असली तरी शिबिराच्या दारात ती दुभंगली.

प्रत्यक्षात भाचा करतो काय, हे मात्र भावोजींना कुणी सांगितलंच नव्हतं. शिबिराचे पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. डोळे मिटून नाकपुड्यांशी आणि वरच्या ओठाच्या वर लक्ष ठेवायचं, श्वास येतो तसा येऊ द्यायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, त्याला नाम जोडायचं नाही. म्हणून हे प्राणायामही नव्हे आणि जपही नव्हे. चौथ्या दिवसापासून तेच लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं: कुठे उष्णता, कुठे दुखणं, कुठे मुंग्या, कुठे काहीच नाही. जे जाणवेल ते पाहायचं, हवंहवंसं धरायचं नाही, नकोसं ढकलायचं नाही.

चूक नेमकी इथेच होते, आणि ती ओळखता येते. लक्ष देताच श्वास आपोआप लांब आणि ताठर होत असेल तर माणूस पाहत नाही, चालवतो आहे. मग थोडे श्वास मुद्दाम जोरात घ्यावेत आणि सोडून द्यावं. अंगभर गोड झिणझिण्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी न आल्याने बसावंसं वाटेना, तर साधना उलटी चालली आहे. आणि हे सगळ्यांसाठी नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्याला इतकं तीव्र शिबिर बाधू शकतं, म्हणून अर्जातच आजार आणि औषधं विचारतात. तिथे लपवू नये, आणि चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

भाच्याने मूळ कारण पत्राच्या शेवटी लिहिलं होतं. ते त्याच्याच शब्दांत: "बाबा, तुम्ही एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की माझा आवाज चढतो. मग तुम्ही फोन आईकडे देता. गेल्या वर्षभरात तुमच्याशी माझं एकही बोलणं धड संपलेलं नाही. आता मला शब्द बाहेर पडायच्या आधी छातीत ऊब चढताना कळते. दर वेळी नाही. पण कळली की तेवढं थांबता येतं. झोपेसाठी नाही, शांतीसाठी नाही, मी यासाठी बसतो."

ऊ बा खिन यांच्यापासून चालत आलेल्या शिकवणीचा गाभा त्याने अचूक धरला आहे. त्यांच्या मते आपण माणसावर किंवा प्रसंगावर थेट भडकत नाही. त्या क्षणी शरीरात जी संवेदना उठते तिच्यावर भडकतो, आणि ती उठताना दिसली तर मधे जागा सापडते. गोयंका तासन् तास प्रवचनांत जे समजावत, ते या पोराने छातीतल्या उबेवरून सांगितलं. म्हणून मी भावोजींना म्हटलं की पत्राचा हा परिच्छेद परत वाचा, लामगावचा सोडून द्या.

भावोजींनी वाचला. नंतर एकच विचारलं, "चवथीला तो आरतीला येणार ना? की जप-पूजा बंद करायला सांगितलंय?" नियम असा आहे: शिबिराच्या दहा दिवसांत पूजा, जप, व्रत सगळं बाजूला ठेवायला सांगतात, कारण दोन पद्धती एकत्र केल्या की कशाचा काय परिणाम ते कळत नाही. घरी आल्यावर पूजेला कुणी मनाई करत नाही, फक्त बसण्याच्या त्या तासात जप मिसळायचा नाही. तेव्हा माटोळी बांधायला तो येईल, घुमटही वाजवील. त्या दिवशी पहाटेचा तास तो जरा लवकर उरकणार आहे, आणि माडीवरची खोली तेवढा वेळ मोकळी ठेवायचं भावोजींनी कबूल केलं आहे.