शुगरची गोळी किडनीची गोळी कशी झाली

ग्लिफ्लोझिन नावाच्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, आज डायबेटिस नसलेल्या किडनी पेशंटलाही लिहून देतात आणि घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, अहो शुगर नाहीये तर शुगरची गोळी कशाला? प्रश्न बरोबरच आहे, पण उत्तरासाठी जरा मागे जावं लागतं.

१८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला गेला. कडू म्हणून तापावर चालेल असं वाटलं होतं. मग १८८६ मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांनी दाखवलं की हे दिलं की लघवीतून साखर जायला लागते (हेच ते फॉन मेरिंग, ज्यांनी पुढे १८८९ मध्ये मिंकोव्स्की यांच्यासोबत कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं की डायबेटिस होतो हे दाखवलं). म्हणजे सुरुवातीला फ्लोरिझिन हे लघवीत साखर आणणारं, जवळजवळ रोगच तयार करणारं रसायन होतं. औषध म्हणून त्याचा विचार व्हायला पुढची शंभरेक वर्षं गेली, १९८० च्या दशकात डायबेटिक उंदरांना दिल्यावर त्यांची शुगर नॉर्मलला आली तेव्हा. पण फ्लोरिझिन तोंडाने घेतलं तर नीट शोषलं जात नाही, शिवाय किडनीतल्या एसजीएलटी२ या साखर ओढणाऱ्या पंपासोबत आतड्यातला एसजीएलटी१ पण बंद करतं आणि जुलाब होतात, म्हणून फक्त एसजीएलटी२ वर बसणारे रेणू, म्हणजेच ग्लिफ्लोझिन, बनवले आणि २०१२-१३ पासून ते डायबेटिसचं औषध म्हणून बाजारात आले.

एसजीएलटी२ काय करतो? किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते, त्यातली साखर आणि सोबत सोडियम नळीच्या सुरुवातीलाच हा पंप परत ओढून घेतो, साखरेतला ९० टक्के वाटा याचाच. पंप बंद केला की साखर लघवीतून बाहेर. पण यासाठी आधी साखर गाळली जायला हवी ना, किडनी कमजोर असेल तर गाळणंच कमी, मग शुगरवरचा परिणामही कमी. त्यामुळे सुरुवातीच्या काळात ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा रक्ततपासणीवरून काढलेला अंदाज, कमी असलेल्यांना या गोळ्या देऊ नका असंच लेबलवर होतं. ज्यांना आज ही गोळी सगळ्यात जास्त लागते त्यांनाच तेव्हा बाहेर ठेवलं होतं!

पुढचं वळण वेगळ्याच वादातून आलं. रोसिग्लिटाझोन या डायबेटिसच्या औषधाने हार्ट अटॅक वाढतात का यावर २००७ मध्ये गदारोळ झाला आणि २००८ मध्ये अमेरिकेतल्या औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने सांगितलं की डायबेटिसच्या नव्या औषधाने हृदयाला धोका नाही हे दाखवा. त्यासाठी मोठमोठ्या ट्रायल झाल्या, आणि २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या ट्रायलमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले. त्यात किडनीचा आलेख बघून लोक थांबले, गोळी चालू केल्यावर ईजीएफआर आधी खाली जातो, मग तिथेच टिकतो, आणि प्लासिबोवाल्यांचा, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांचा, हळूहळू घसरत त्याच्याही खाली जातो.

हा पहिला खड्डाच समजून घ्यायचा आहे, कारण औषध काम करतंय याची ती खूण आहे. डायबेटिसमध्ये हा पंप जोरात चालतो, सोडियम सुरुवातीलाच परत ओढलं जातं आणि पुढे मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशींपर्यंत कमी पोचतं. त्यांना वाटतं गाळणं कमी पडतंय, म्हणून त्या गाळणीत रक्त आणणारी धमनी मोकळी ठेवतात, गाळणीतला दाब वाढतो आणि वर्षानुवर्षं त्या दाबाने गाळणी खराब होते. पंप बंद केला की सोडियम तिथपर्यंत पोचतं, धमनी आवळते, दाब उतरतो. २०१४ मध्ये टाइप १ च्या ज्या पेशंटची किडनी गरजेपेक्षा जास्त गाळत होती त्यांच्यात हे मोजलं गेलं, जीएफआर सरासरी १७२ वरून १३९ वर आला. डायबेटिस नसलेल्या किडनी पेशंटमध्येही उरलेल्या थोड्या गाळण्यांवर जादा भार येतोच, म्हणून तिथेही उपयोग होतो असं मानतात, अर्थात सगळा फायदा दाबानेच होतो असं कोणी छातीठोक सांगत नाही.

आकडे लावून बघा. २०१९ च्या क्रीडेन्स ट्रायलमध्ये डायबेटिक किडनीच्या पेशंटचा सरासरी ईजीएफआर ५६ होता. कॅनाग्लिफ्लोझिनवाल्यांचा पहिल्या तीन आठवड्यांत ३.७ ने उतरला, प्लासिबोवाल्यांचा जेमतेम ०.५ ने. नंतर मात्र गोळीवाल्यांचा वर्षाला १.८५ ने आणि बाकीच्यांचा ४.५९ ने घसरत गेला. म्हणजे पहिल्या वर्षी गोळीवाला मागे दिसतो, साधारण चौदा महिन्यांनी दोघं बरोबरीला येतात आणि याच वेगाने गेलं तर तीन वर्षांनी एक ४७ च्या आसपास, दुसरा ४२ च्या. पहिल्याच महिन्याचा रिपोर्ट बघून गोळी बंद केली तर तोटा तेवढा पदरात पडतो आणि फायद्याची वेळच येत नाही. ईजीएफआर ३० टक्क्यांपेक्षा जास्त पडला तर मात्र कारण शोधायचं, बहुतेकदा शरीरात पाणी कमी झालेलं असतं किंवा लघवीच्या गोळीचा डोस जास्त असतो.

मग २०२० मध्ये डापा-सीकेडी ट्रायल आली, तिच्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना डायबेटिस नव्हताच, आणि तरी किडनी खूप बिघडण्याचा किंवा किडनी-हृदयामुळे मृत्यू होण्याचा एकत्र धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. पाठोपाठ एम्पाग्लिफ्लोझिनची एम्पा-किडनी ट्रायल आली. आता ईजीएफआर २० किंवा वर असेल तर सुरू करतात, आणि एकदा सुरू केल्यावर त्याच्याखाली गेला तरी सोसत असेल तर डायलिसिस लागेपर्यंत चालू ठेवतात. आधीच डायलिसिसवर असलेल्यांना किडनीसाठी नव्याने देत नाहीत.

कोणी घेऊ नये याची कारणंही याच इतिहासातून येतात. टाइप १ डायबेटिसवाल्यांनी आणि ज्यांना आधी कीटोअॅसिडोसिस झालाय त्यांनी किडनीसाठी ही गोळी टाळायची. साखर लघवीतून जात राहते, इन्सुलिन कमी पडतं, शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्तात आम्ल साचतं, हाच कीटोअॅसिडोसिस. यातला फसवा भाग असा की ग्लुकोमीटरवर शुगर २५० च्या आतच दिसू शकते, म्हणून कोणाला संशय येत नाही. एफडीएने २०१५ मध्येच ही सूचना दिली होती. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं असेल तर शुगर ठीक आहे म्हणून घरी न थांबता हॉस्पिटल गाठायचं आणि कीटोन तपासून घ्यायचे. जुलाब-उलट्या चालू असतील किंवा जेवण बंद असेल तर तेवढे दिवस गोळी थांबवतात, ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारण तीन दिवस.

गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजताना नाही. लघवीत साखर असल्यामुळे गुप्तांगाला फंगल इन्फेक्शन होतं, ते बहुतेकदा मलमाने जातं, पण वारंवार होणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं, आणि ताप येऊन त्या भागात जोरात दुखणं-सूज असेल तर ती इमर्जन्सी, क्वचित होते पण जिवावर बेतते. पॉलिसिस्टिक किडनीचे पेशंट आणि किडनीच्या आजारासाठी इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असलेले लोक डापा-सीकेडीमध्ये घेतलेच नव्हते, त्यामुळे दुसऱ्याला फायदा झाला म्हणून यांनी आपणहून सुरू करू नये.