पार साठा (हॉटेलमधील लिनन)

पार साठा : हॉटेलमधील सर्व खाटा आणि न्हाणीघरे एकदा पूर्ण सजवण्यास लागणाऱ्या चादरी, अभ्रे, टॉवेल इत्यादी कापडांच्या संख्येला 'एक पार' म्हणतात. खाटेवरचे, मळलेले, धुलाईला गेलेले आणि कपाटातले असे सगळे कापड धरून हॉटेलने किती पार बाळगावेत, याचा ठरवलेला आकडा म्हणजे पार साठा. लिनन हा शब्द मूळचा जवसाच्या (अळशीच्या) धाग्यापासून विणलेल्या कापडाचा. आज हॉटेलांतले बहुतेक लिनन सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र असते, तरी खात्याचे आणि खोलीचे नाव लिनन रूम हेच राहिले आहे.

'पार' या शब्दाचा मराठीतील 'पार पडणे' किंवा वडाचा पार यांच्याशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये par म्हणजे समान. इंग्रजी व्यापारी भाषेत हुंडी किंवा रोखा दर्शनी किमतीइतक्याच भावाला विकला गेला, तर तो 'पार'ला विकला असे म्हणत. गोल्फमधील पार ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यापारी वापरातूनच रूढ झाली असे सामान्यतः मानतात. हॉटेलमधील संज्ञा गोल्फवरून आली असावी असे वरवर वाटते. परंतु मद्यालयातील बाटल्या आणि कोठारातील जिन्नस यांनाही पार साठा हाच शब्द लागतो आणि तेथे अर्थ 'खर्च झाले तेवढे भरून पुन्हा समान करायचे' असा आहे. त्यामुळे ही संज्ञा थेट व्यापारी भाषेतून आली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

लिनन किती ठेवावे याचा पाठ्यपुस्तकी नियम तीन पारांचा आहे : एक खाटेवर, एक धुलाईत, एक कपाटात. धुलाई बाहेर होत असेल, तर चार किंवा पाच पार सांगतात. कपाटातील पाराचे समर्थन करताना धुतलेल्या कापडाला चोवीस तास 'विश्रांती' मिळाली म्हणजे धागे टिकतात, असेही सांगितले जाते. विश्रांतीचा खरा उपयोग, म्हणजे गाडी उशिरा आली तरी खोली अडत नाही, हा मात्र व्यवहारातलाच आहे. तीनचा आकडा धुलाईच्या फेरीवरून निघतो आणि फेरी बदलली की तोही बदलतो.

समजा, लॉन्ड्रीची गाडी रोज सकाळी दहाला येते, मळके नेते आणि दुसऱ्या दिवशी दहाला धुऊन आणते. आज दुपारी काढलेली चादर उद्या सकाळी जाईल आणि परवा सकाळी परत येईल. परवा गाडी येण्याच्या क्षणी दोन दिवसांचे मळके बाहेर असते आणि एक पार खाटेवर. सगळे लिनन रोज बदलत असेल, तर बेरीज बरोबर तीन येते. नियमामागचे गृहीतक एवढेच.

आता गाडी सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशी येते आणि नेलेले पुढच्या फेरीला आणते असे धरू. बुधवारी सकाळी गाडी येण्याआधी शुक्रवार, शनिवार व रविवारचे कापड लॉन्ड्रीत असते आणि सोमवार-मंगळवारचे हॉटेलातच मळके पडलेले असते. म्हणजे पाच दिवसांचे बदल एकाच वेळी फेरीत अडकतात. वीस खोल्या, प्रत्येकी एक खाट, खाटेला खालची-वरची मिळून दोन चादरी, असे हॉटेल असेल, तर एक पार चाळीस चादरींचा झाला. पाहुणे सरासरी दोन रात्री राहतात आणि चादर खोली सोडतानाच बदलली जाते, तर हॉटेल पूर्ण भरलेले असताना रोज वीस चादरी निघतात. पाच दिवसांच्या शंभर आणि खाटेवरच्या चाळीस मिळून १४० चादरी, म्हणजे साडेतीन पार. सोमवारची एक फेरी चुकली, तर अडकलेले दिवस पाचाचे सात होतात आणि गरज १८० वर, साडेचार पारांवर जाते. त्याच हॉटेलात खोलीमागे दोन मोठे टॉवेल असून ते रोज बदलत असतील, तर फेरी न चुकताही २४०, म्हणजे सहा पार लागतात. सगळ्या लिननला एकच आकडा लावणाऱ्या हॉटेलात चादरी कपाटात पडून असतात आणि टॉवेल मात्र दुपारी कमी पडतात, त्याचे कारण हेच. सरासरीही फसवी असते. रविवारी निम्म्याऐवजी सगळ्या खोल्या रिकाम्या होत असतील, तर हिशोब त्या रविवारचा करावा लागतो.

आलेला गठ्ठा कपाटात तळाशी किंवा मागे लावतात. तो वरच ठेवला, तर वरच्याच चादरी पुन्हापुन्हा खाटेवर जातात, लवकर विरतात आणि तळाच्या कोऱ्या राहतात. काही हॉटेलांत वापरात आणल्याच्या वर्षानुसार दुमडीत रंगीत धागा घालतात. त्यावरून कापड वयाने गेले की धुलाईने, हे कळते. धागा अलीकडचा असूनही चादर हाताने ओढताच कागदासारखी फाटत असेल, तर संशय ब्लीचच्या जादा मात्रेवर किंवा अपुऱ्या खंगाळण्यावर जातो. सर्व चादरींना साधारण एकाच जागी भोक असेल, तर ट्रॉलीचा एखादा खिळा शोधावा.

हानी मोजण्याचे सूत्र साधे आहे : मागील मोजणीत खरेदी मिळवायची, नोंद करून बाद (कंडेम) केलेले वजा करायचे आणि आजच्या मोजणीशी ताडून पाहायचे. अडचण लॉन्ड्रीतील कापडाची असते, कारण ते मोजता येत नाही, चिठ्ठीवरूनच धरावे लागते. वरच्याच हॉटेलात मागील मोजणी १८०, खरेदी २० आणि बाद १४ असल्यास १८६ चादरी हव्यात. मोजणी बुधवारी, गाडीची देवघेव झाल्यावर लगेच केली. खाटांवर ४०, कपाटात ९४, ट्रॉलीवर ३. त्या दिवशी नेलेल्या चादरी ४०. एकूण १७७, तूट ९.

याच वेळी आजवर पाठवलेल्यांतून परत आलेल्या वजा करून लॉन्ड्रीची बाकी काढली, तर ती ४६ निघते. मागचे सर्व परत यायला हवे असताना बाकी शेवटच्या खेपेइतकीच, म्हणजे ४० असायला हवी. वरच्या सहा चादरी लॉन्ड्रीत हरवल्या किंवा दुसऱ्याच कुणाच्या गठ्ठ्यात गेल्या; हॉटेलात तीनच गहाळ आहेत. मोजणी करणाऱ्याने चिठ्ठीवरच्या ४६ तशाच धरल्या असत्या, तर तूट तीन दिसली असती आणि लॉन्ड्रीकडच्या सहा चादरी पुढच्या प्रत्येक मोजणीत 'धुलाईत आहेत' म्हणून जिवंत राहिल्या असत्या. छोट्या हॉटेलांतील न उलगडणारी तूट पुष्कळदा अशी साठलेली असते. पाहुण्यांवर मात्र आळ लगेच येतो. पुन्हा धुण्यासाठी लॉन्ड्रीने मागे ठेवलेले नग वेगळे लिहून घेतले नाहीत, तर हा ताळा लागत नाही.

हॉटेलातल्या तीन चादरींचा शोध पुसण्याच्या फडक्यांपासून सुरू करतात. फडकी कमी पडली की टॉवेलने फरशी पुसली जाते, मग डागाळलेला टॉवेल नोंद न करता टाकून दिला जातो. यावर एकास एक देवघेव हा जुना उपाय आहे : मळके जितके नग आणावे, तितकेच स्वच्छ मिळतात, फाटकाही मोजला जातो. बाद झालेल्या चादरी कापून, वेगळ्या रंगात रंगवून त्यांची फडकी करतात. रंग वेगळा असला म्हणजे ती पुन्हा गठ्ठ्यात मिसळत नाहीत.